घरी नेतो म्हणणाऱ्यांचा केसपेपर

आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत डामाचा कागद एका छापील वाक्यावर भागतो: ‘रुग्णास आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत, काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत.’ खाली एखाद्या नातेवाइकाची सही, कधी नुसता अंगठा. वेळ नाही, रुग्णाची स्वतःची सही नाही, काय बरेवाईट होऊ शकते याचा उल्लेख नाही. हा कागद फाइलला लागला की आपण निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणाला फारसा आधार नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीसाठी रुग्णाला काय काय सांगायला हवे ते स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय यांच्यासोबत उपचार नाकारल्यास होणारे परिणामही त्यात येतात. आपल्या छापील वाक्यात नेमके तेच नसते.

येवला, वैजापूर, कोपरगाव या पट्ट्यात पावसाळ्यात डामाची वेळ वारंवार आणणारा रुग्ण म्हणजे सर्पदंशाचा. म्हणून एक कल्पित पण आपल्या ओळखीची केस घेऊ.

पस्तिशीची शेतकरी बाई. संध्याकाळी सातला मक्याच्या बांधावर चारा कापताना पायाला चावा. साप दिसला नाही. आठ दहाला ती दवाखान्यात पोचली. दोन दातांच्या खुणा, किंचित सूज, पापण्या ठीक, श्वास ठीक. आठ वीसला दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले, गोठले. नऊ वीसच्या रक्ताचेही तेच. दहा वाजता सासरा म्हणतो, “बाईला काही झालं नाही डॉक्टर, घरी नेतो. गावात एक जाणकार आहे, तो उतारा करतो.”

इथे पहिले काम कागद काढण्याचे नाही, कारण विचारण्याचे आहे, आणि तेही बाईला. उताऱ्याचे नाव पुढे असते, पण आत बहुतेक वेळा दुसरेच काही निघते. लेकरे घरी एकटी असतात, पहाटे धारा काढायच्या असतात, नाहीतर बिलाची धास्ती असते. नवऱ्याने घरी जावे आणि सासूने रात्र इथे काढावी, एवढ्यावरही पुष्कळ डामा टळतात. पैशाची अडचण असेल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. येवल्याच्या उपजिल्हा रुग्णालयाचे नाव घ्यायला खासगी दवाखान्याने लाजू नये. हे सुचवले आणि त्यांनी नाकारले, तर ते दोन्ही लिहावे. नोंदीला खरे वजन इथून येते.

दुसरे, निर्णय कोणाचा. बाई सज्ञान आहे, शुद्धीत आहे, प्रश्नांना नीट उत्तरे देते. मग सासऱ्याची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. तिला थांबायचे असेल तर डामा होतच नाही, घरचे कितीही चिडोत. उलट तिला झापड येत असेल किंवा बोलणे जड झाले असेल, तर मण्यारच्या विषाची शक्यता धरावी लागते. अशा रुग्णाचा नकार हा विचारपूर्वक दिलेला नकार नसतो. म्हणून सहीच्या आधी एक ओळ हवी: ‘रुग्ण पूर्ण शुद्धीत, वेळ-स्थळ अचूक सांगते, धोके स्वतःच्या शब्दांत परत सांगितले.’ शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. ती ‘रक्त पातळ होऊ शकतं, लघवी लाल होऊ शकते, पापण्या जड होऊ शकतात’ असे म्हणाली असेल, तर तिचेच शब्द अवतरणात लिहा. घरात उर्दू किंवा हिंदी बोलत असतील तर समजावून कोणी सांगितले, कोणत्या भाषेत, तेही लिहा.

तिसरे, धोका नेमका हवा. ‘जिवाला धोका आहे’ हे वाक्य प्रत्येक कागदावर असते, म्हणून ते कोणाला काहीच सांगत नाही. या बाईच्या कागदावर असे यावे: ‘दंशाला तीन तास झाले. आतापर्यंत विषबाधेची लक्षणे नाहीत, पण चोवीस तासांपर्यंत ती दिसू शकतात. घोणसचे विष असल्यास रक्त गोठणे बंद होऊन हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्तस्राव, मूत्रपिंड निकामी होणे संभवते. मण्यारचे असल्यास पापण्या जड होऊन श्वास थांबू शकतो. पहिले तीन तास दर तासाला व नंतर चोवीस तासांपर्यंत दर सहा तासांनी रक्त गोठण्याची तपासणी आवश्यक आहे. पुढची तपासणी १०.२०ला आहे. सर्पविषरोधक लस इथे उपलब्ध आहे. रात्रभर थांबण्याचा सल्ला दिला.’ त्याखाली तारीख, वेळ, डॉक्टरांचे नाव आणि तिथे हजर असलेल्या सिस्टरची सही. बाई सही करायला तयार नसेल तर ‘सही करण्यास नकार’ असे लिहून साक्षीदाराची सही घ्यावी. सहीसाठी अडवून ठेवू नये.

कागद कितीही चांगला लिहिला, तरी त्याआधीची उणीव तो झाकत नाही. रक्त गोठण्याची तपासणी केलीच नसेल तर डामा तिची जागा भरत नाही. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या नोंदीवर दुसऱ्या दिवशीचीच वेळ हवी. सर्पदंशाची पोलिसांना खबर देण्याची तुमच्या दवाखान्याची पद्धत असेल, तर रुग्ण निघून गेल्याने ती सुटत नाही.

आणखी एक सवय बोलून दाखवली पाहिजे. रुग्ण बिघडू लागला, व्हेंटिलेटर नाही, नाशिकला पाठवायचे आहे, तेव्हा भीतीपोटी नातेवाइकांकडून डामा लिहून घेतला जातो. जाण्याचा सल्ला तुम्हीच दिला असेल तर तो डामा कसा? ती रेफर केस आहे. या लबाडीची किंमत रुग्ण मोजतो. डामा म्हणून सोडलेल्याच्या हातात पुष्कळदा काहीच नसते, आणि नाशिकच्या डॉक्टरला किती कुप्या लस दिली, कधी दिली, रिअॅक्शन आली का, हे नातेवाइकांच्या आठवणीतून काढावे लागते.

डामा घेणाऱ्यालाही सारांश द्यायचाच. नोंदी मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे, पण चावलेल्या सापाचे विष ७२ तास थांबत नाही. जातानाच हातात एक पान द्या: दंशाची वेळ, दोन्ही तपासण्यांचे निकाल, काय दिले. सोबत सूचना: पाय बांधू नका, चिरू नका. दुखले तर फक्त पॅरासिटामॉल, सुजेच्या व दुखण्याच्या बाकीच्या गोळ्या आणि स्नायूतली इंजेक्शने नकोत. बाईला एकटीला झोपू देऊ नका, कोणीतरी जागे राहून तासातासाला उठवून पापण्या पाहा, ती नीट बोलते का पाहा. काहीही वेगळे दिसले तर १०८ ला फोन करून थेट इकडे या. काही दिसले नाही तरी सकाळी सहाला तपासणीला या. ‘गरज वाटल्यास या’ असे मोघम नको.

तिचा किंवा नवऱ्याचा फोन नंबर घ्या. गावच्या आशाताईंना कळवलेले चालेल का, हे बाईलाच विचारा आणि उत्तर लिहा. सकाळी ती आली नाही तर सिस्टरने फोन करावा, वेळ व उत्तर केसपेपरवर टाकावे. फोन लागला नाही तर तेही. बाई मध्यरात्री परत आली तर ‘आम्ही सांगितलं होतं ना’ हे कोणी ऐकवू नये. नवीन नळीत रक्त घ्यावे, पापण्या व श्वास पाहावा आणि जुना कागद नव्याला जोडावा. लस घेऊन डामा घेतलेल्या रुग्णासाठी भेटीची तारीख आणखी पुढचीही असते. लसीनंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, अंगावर पित्त, सांधेदुखी येऊ शकते, त्यामुळे त्याच्या पानावर आठवड्यानंतरची तारीख आणि ही लक्षणे आधीच लिहिलेली असावीत.