सिम बदललं, पीएफ अडकला: आधी आधारकडे जा

शहागडच्या मामांनी जुनं सिम बंद केलं आणि पीएफ पोर्टलचा ओटीपी त्याच नंबरवर जात राहिला. मी घाईत थेट 'Forgot Password' दाबलं. तिथे नवा नंबर देता येतो, पण तो आधारला जोडलेला लागतो. म्हणून आधी आधार केंद्र गाठलं. नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, बोटांचे ठसे लागतात. मामांचे ठसे शेतात राबून झिजलेले, मग डोळ्यांवरून ओळख पटली. आधार अपडेट झाल्यावर यूएएन, नाव, जन्मतारीख टाकली. ओटीपी नव्या फोनवर आला. हे काम लांबवू नका. बंद नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग मामांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे!