झिजलेलं नाव

आमच्या घरात सध्या एका नावावरून तंटा पेटला आहे. इस्टेटीवरून भांडायला आमच्याकडे इस्टेट नाही, त्यामुळे जे हाती लागेल त्यावर भांडावं लागतं.

झालं असं की, आमचे चिरंजीव पाचवीत आहेत आणि सुट्टीपासून ते ड्रॉइंगच्या वहीत एक चित्रकथा काढताहेत. नायकाचं नाव वीजवीर. तारेला हात लावला की ह्याच्या बोटांतून वीज वाहते आणि अख्ख्या गल्लीतले दिवे लागतात. हे नाव चांगलंच आहे, त्याबद्दल आमचं भांडण नाही. भांडण आहे ते वीजवीर अंगरखा उतरवून ठेवतो तेव्हाच्या नावाबद्दल. कारण बाकीच्या वेळी तो एका बँकेत क्लार्क आहे. (कुठून सुचलं, ते मी विचारलं नाही.)

ह्या क्लार्कचं नाव आमच्या मेहुण्यांनी ठेवलं, 'विद्युत तेजस्कर'. मेहुणे विक्री खात्यात आहेत. "दाजी, नाव कसं खणखणीत पाहिजे," ते म्हणाले, "ऐकल्याबरोबर कळलं पाहिजे की हा साधा माणूस नव्हे!"

अहो, पण तेच तर कळता कामा नये ना! सगळं गाव वीजवीराला शोधतंय, खलनायकाने बक्षीस लावलंय, आणि इकडे काउंटरवर पाटी लटकते आहे, 'वि. तेजस्कर'. खलनायकाला गुप्तहेर कशाला हवेत? पासबुक भरायला आला तरी काम झालं.

नाव साधं आहे की नाही, ह्याची एक कसोटी मी वीस वर्षं काउंटरवर बसून शिकलो आहे, ती फुकट देतो. भरलेल्या हॉलमध्ये ते नाव मोठ्याने पुकारा. "सुनील जाधव!" म्हटलं की तीन माणसं उठतात आणि चौथा त्यांच्याकडे बघतही नाही. पण "विद्युत तेजस्कर!" म्हणून बघा. एकच माणूस उठेल आणि अख्खा हॉल माना वळवून त्याच्याकडे बघेल. साध्या नावाचं काम एवढंच, की ते धारण करणारा उठला तरी मान वळू नये.

मेहुण्यांकडे ह्यावर दाखला तयार होता. "मग पीटर पार्करचं काय? प-प असं यमक जुळवलंय की नाही?" जुळवलंय, कबूल. 1962 साली स्पायडरमॅन आला तेव्हापासून जुळलेलं आहे. पण ते स्टॅन ली ह्या लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी केलं होतं. एका वेळी इतक्या कथा लिहायच्या, की पात्रांची नावं त्याच्याच लक्षात राहत नसत. पहिलं अक्षर एकच असलं की निम्मं नाव आठवायचं कष्ट वाचतात. एवढं करूनही त्याने ब्रूस बॅनरला मध्येच बॉब बॅनर लिहून टाकलं आणि मग त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे असं सांगून खाडाखोड निस्तरली. आमच्या बँकेत अशा दुरुस्तीला दोन सह्या लागतात. शिवाय प-प जुळला तो पीटरशी पार्कर. कोळ्याशी कोणी जुळला नाही. 'वीजवीर' आणि 'विद्युत' मात्र आद्याक्षरापासून एकमेकांना हाका मारताहेत.

म्हणून मग मी 'संजय' सुचवलं. मेहुणे म्हणाले, "आता का? संजयला तर दिव्यदृष्टी होती!" त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण मुद्दा बरोबर होता. संजय म्हटल्यावर दिव्यदृष्टी का आठवत नाही? आमच्या शाखेत एक संजय आहे, त्याला समोरचं गिऱ्हाईकसुद्धा दिसत नाही.

उत्तर विराटपर्वात सापडलं. पांडव अज्ञातवासात गेले तेव्हा त्यांनी नावांचे दोन जोड घेतले होते. चारचौघांसाठी धर्मराज झाला कंक आणि भीम झाला स्वयंपाकी बल्लव. आणि आपापसात, अडीअडचणीला हाक मारायला जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल अशी पाच गुप्त नावं. म्हणजे विचार करा, जयंत आणि विजय ही एके काळची गुप्त, विजयाच्या घोषणेसारखी नावं. आज आमच्याकडे विजय कर्ज खात्यात आहे, जयंत लॉकरला. त्यांना बघून कुणाला घोषणा ऐकू येते? उलट बल्लव नावाचा माणूस उद्या बदलून आला तर सगळी शाखा त्याला बघायला जमेल.

तेव्हा भानगड अर्थाची नाहीच. भानगड झिजेची आहे. नाणं फार हातांतून गेलं की त्यावरचा राजा पुसला जातो, तसा नावातला अर्थ पुसला जातो. क्लार्क केंटचंच बघा. सीगल आणि शुस्टर ह्या दोन पोरांनी 1938 साली सुपरमॅन छापून आणला, तेव्हा त्याचं साधं नाव क्लार्क गेबल आणि केंट टेलर ह्या दोन सिनेनटांच्या नावांतून जोडलं होतं. म्हणजे माल चांगला झगमगीत, पण क्लार्क आणि केंट दोन्ही तिकडे रोजच्या वापरातली नावं, त्यामुळे झगमगाट कुणाला दिसला नाही.

झिजेलाही वय असतं, हे मात्र सांभाळावं लागतं. पाचवीच्या वर्गात आज 'दत्तात्रय' उठला तर माना वळतील. तिथे 'आर्यन' खपतो. आमचा क्लार्क चाळिशीचा, म्हणजे नाव त्याच्या बारशाच्या सालचं हवं. आडनावाला तर जास्तच जपावं, कारण आपल्याकडे आडनावातून गाव गळतं, धंदा गळतो, जात गळते. त्यात 'पाटील' उत्तम. जिल्ह्याजिल्ह्यांत आणि कितीतरी जातींत पाटील आहेत, ऐकणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. शिवाय चित्रकथेत हे नाव दर चौकटीत यायचं. फुग्यात वेलांट्या-मात्रांसकट सात-आठ अक्षरं कोंबली की बोलायला जागा उरत नाही. साहेब नुसते "विद्युत तेजस्कर" एवढंच ओरडतात आणि चौकट संपते.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगायला गेलो, तर वही मिटलेली. चार दिवसांत एक चौकट काढली नव्हती. मी पहिलं पान उघडलं. 'विद्युत तेजस्कर' ज्या फुग्यात होतं तिथला कागद खोडरबराने इतका घासला होता की पलीकडचा पंखा दिसत होता. उजेडासमोर धरल्यावर खालची अक्षरं दिसली. प्रकाश.

"हे आधी होतं?" मी विचारलं.

"हो. मामा म्हणाला, असल्या नावाचा कुणी हीरो नसतो."

आता इथे माझा स्वार्थ कबूल करायला हवा. माझं नाव प्रकाश. चव्वेचाळीस वर्षं मी ते वापरतो आहे. वीज गेली, सर्व्हर बंद पडला, बाहेर रांग लागली, तरी एकाही गिऱ्हाइकाला "अहो प्रकाश, तुम्ही आहात ना, मग पाडा की उजेड" असं म्हणावंसं वाटलेलं नाही. विद्युत आणि प्रकाश, अर्थाने दोघे सख्खे भाऊ, पण एकाकडे हॉल बघतो आणि दुसऱ्याची सही तीनदा पडताळतात. माझ्या 'संजय'मध्ये लपवायला काही नव्हतंच. इथे अख्खी शक्ती कपाळावर लिहिलेली आणि वाचायला कुणी नाही! खलनायक स्वतः रांगेत उभा राहून "प्रकाशराव, जरा सुटे द्या" म्हणेल आणि सुटे घेऊन जाईल.

मेहुण्यांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मी घरच्या माणसाची बाजू घेतो आहे. घेतो आहेच.

वही पुन्हा सुरू झाली आहे. काल नववं पान झालं. गावातली वीज जाते, प्रकाश पाटील काउंटरवरून उठतो आणि रेकॉर्ड रूममध्ये जाऊन अंगरखा घालतो. मी एवढंच सुचवलं की उठण्याआधी त्याला कॅश मोजून पेटी कुलूपबंद करू दे, नाहीतर मेमो मिळेल. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तेवढ्यात बोगद्यात गाडी अडकलीये."

मी म्हटलं, मग निदान कॅशियरला सांगून तरी जाऊ दे. त्यासाठी तो आता एक छोटी चौकट वाढवतो आहे.