दहा स्लाइड्स आणि एक न चाललेला प्रोग्राम

आधी कबुली देतो. मी स्वतः अशी कॅरोसेल्स बनवली आहेत. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात नोकरीला लागलो त्या वर्षी इन्स्टाग्रामवर ‘मराठीतून कोडिंग’ असं काहीतरी सुरू केलं होतं. पहिली स्लाइड: व्हेरिएबल म्हणजे डबा. दुसरी: डेटा टाइप म्हणजे डब्यात काय ठेवायचं ते. पुढे इफ, लूप, फंक्शन. प्रत्येक स्लाइडवर दोन ओळींचं उदाहरण, शेवटी ‘सेव्ह करून ठेवा’. लोकांनी सेव्ह केलं. त्यातला एक माझा चुलतभाऊ होता.

आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं. घरी तीन गाई, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं. गेल्या दिवाळीत भाऊ म्हणाला, “दादा, मला व्हेरिएबल येतो, लूप येतो, पण प्रोग्राम येत नाही.” मी म्हटलं, दुधाचाच कर. तीन वेळा दूध घातलं, ६, ५ आणि ७ लिटर. एकूण किती, एवढंच काढ. त्यानं हे लिहिलं:

```python
dudh = [6, 5, 7]
for x in dudh:
    total = 0
    total = total + x
print(total)
```

उत्तर आलं ७. यायला हवं होतं १८. तो अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसला. व्हेरिएबल म्हणजे काय हे त्याला विचारा, डब्याची व्याख्या तोंडपाठ. लूप म्हणजे काय? ‘तेच काम पुन्हा पुन्हा.’ तेही बरोबर. दोन्ही स्लाइड्स पाठ होत्या, आणि चूक नेमकी त्या दोन स्लाइड्सच्या मधे होती.

माझा आक्षेप इथेच आहे. एका स्लाइडवर एक संकल्पना ही मांडणी शब्दकोशाची आहे. प्रोग्राम मात्र एकामागून एक घडत जातो. `total` नावाचा व्हेरिएबल आणि `for` हा लूप वेगवेगळे समजून काही उपयोग नाही. लूपच्या प्रत्येक फेरीत `total` चं काय होतं, हे समजायला हवं. ते कुठल्याच स्लाइडवर नसतं, कारण ती कुठलीच एक ‘संकल्पना’ नाही.

मी त्याला डेअरीची वही आणायला सांगितली. तिच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: ओळ, `x`, `total`. म्हटलं, आता कॉम्प्युटर तू. एकेक ओळ चालव आणि बदललं ते लिही. पहिल्या फेरीत `x` ६, `total` ०, मग ६. दुसऱ्या फेरीत `x` ५, आणि `total = 0` ही ओळ पुन्हा आली. पेन थांबलं. “अरे, हा तर दर वेळी पुसतोय!” मी काहीच समजावलं नाही, वहीनं समजावलं. त्यानं `total = 0` उचलून लूपच्या वर नेलं. रकान्यात ०, ६, ११, १८ असे आकडे उतरले. ही चूक ओळखायची खूणही त्याला सापडली: बेरजेऐवजी यादीतला शेवटचाच आकडा छापला गेला, तर सुरुवातीचं शून्य लूपच्या आत अडकलंय. आणि ६, ११, १८ असे तिन्ही छापले गेले, तर `print` आत गेलंय.

पण मग त्याचा दुसरा प्रश्न आला. `total = total + x` हे त्यानं मोठ्यानं वाचलं, “टोटल बरोबर टोटल अधिक एक्स.” आणि म्हणाला, “हे कसं बरोबर असेल? दोन्हीकडून टोटल काढलं तर एक्स शून्य होतो.” दहावीच्या बीजगणितात हेच शिकवलंय, त्यात त्याचं काय चुकलं? १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डनं छापलेल्या पुस्तकात हे चिन्ह आलं ते समानतेसाठी. पायथनमध्ये ते आज्ञा आहे: आधी उजवीकडचा हिशोब कर, आलेल्या उत्तराला डावीकडचं नाव दे. पास्कल भाषेत याच कामासाठी `:=` असं वेगळं चिन्ह होतं, ते उगाच नव्हे. आपण मराठीत ‘बरोबर’ म्हणतो तेव्हा हा घोटाळा आणखी घट्ट होतो. आता आम्ही ती ओळ अशी वाचतो: “आधीच्या टोटलमध्ये एक्स मिळव, आणि त्यालाच आता टोटल म्हण.” ‘आधीच्या’ आणि ‘आता’ हे दोन शब्द आले की वेळ आली. डब्याच्या चित्रात वेळ नसते.

डब्याचा आणखी एक त्रास. पुढे त्यानं तिन्ही आकड्यांची जुनी प्रत ठेवायची म्हणून हे केलं:

```python
juni = dudh
dudh.append(4)
print(juni)
```

छापलं गेलं `[6, 5, 7, 4]`. जुन्या यादीत ४ आलेच कसे? डबे दोन असते तर आले नसते. पायथनमध्ये ही दोन नावं आहेत आणि वही एकच. एकाच वहीला घरात ‘दुधाची वही’ म्हणा की ‘आईची वही’, त्यात लिहिलेलं दोघांनाही दिसणार. खरी प्रत हवी तर `dudh.copy()`. म्हणजे डब्याची उपमा दुसऱ्या स्लाइडवर लाइक मिळवते आणि पहिल्या खऱ्या प्रोग्रामला दगा देते. शिकणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्यालाच डोकं नाही.

मित्र म्हणतात, नवशिक्यांना घाबरवू नकोस, छोटे घास हवेत. घास छोटेच हवेत, मान्य. पण जेवणाचे छोटे घास करणं वेगळं आणि मीठ, तिखट, हळद वेगवेगळ्या वाटीत देऊन ‘जेवा’ म्हणणं वेगळं. ज्याला प्रोग्राम लिहिता येतो त्याला परीक्षेआधी उजळणीला अशा स्लाइड्स चालतील. ज्याला येत नाही त्याला त्या फक्त येतंय असं वाटायला लावतात, आणि हा भास न येण्यापेक्षा वाईट. भाऊ सहा महिने त्या भासात होता. त्यातले काही लाइक माझ्या खात्यावर जमा आहेत.

गंमत म्हणजे कॅरोसेल हे साधन या कामासाठी उत्तम आहे, आपणच ते उलटं वापरतो. बोट सरकवलं की पुढचं चित्र येतं, म्हणजे वेळ पुढे जाते. मग सगळ्या स्लाइड्सवर एकच प्रोग्राम ठेवा. चालू असलेली ओळ रंगवा, खाली `x` आणि `total` चे रकाने ठेवा. एक स्वाइप, एक पाऊल. दुधाच्या या प्रोग्रामला `total = 0` साठी एक, तीन फेऱ्यांच्या प्रत्येकी दोन आणि छापण्याची एक, अशा आठ स्लाइड्स पुरतात. नवव्या स्लाइडवर चुकलेला प्रोग्राम द्या आणि विचारा, काय छापेल? उत्तर दहाव्यावर. मधे वाचणाऱ्याला कागद घ्यावाच लागेल.

मी जुन्या पोस्ट काढून टाकल्या आणि अशी एक टाकली. सेव्ह बरेच कमी आले. पण कमेंटमध्ये एका मुलीनं पेन्सिलीनं आखलेल्या रकान्यांचा हिशोब लिहून पाठवला होता. तिसऱ्या फेरीत तिची बेरीज चुकली होती, ११ अधिक ७ तिनं १९ केले होते. प्रोग्राम मात्र तिला बरोबर समजला होता.