फ्युगॅसिटी हे ठिगळ नव्हे

केळापूर तालुक्यातल्या कपाशीला युरियाचा हप्ता पडतो तेव्हा तो अमोनियापासून बनलेला असतो, एवढे बीएस्सीच्या पोरालाही ठाऊक असते. युरिया बनवायला आधी अमोनिया लागतो. रायगडातल्या थळच्या कारखान्यात होतो तसा तो नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून, मोठ्या दाबाखाली तयार होतो. नेमक्या याच अभिक्रियेचा समतोल शिकवताना वर्गात एक आक्षेप हमखास ऐकू येतो. ‘दाब घालून सूत्र चुकले, म्हणून दाबाला एका गुणकाने गुणले आणि त्याला फ्युगॅसिटी म्हटले. उत्तर आधी, गुणक मागाहून. हे ठिगळच की!’

आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, कारण सूत्र खरोखरच चुकते. लार्सन आणि डॉज यांनी, आणि मोठ्या दाबांना एकट्या लार्सन यांनी, १९२३-२४ च्या सुमारास घेतलेली मोजमापे पाहा. तापमान ४५० अंश सेल्सिअस, हायड्रोजन-नायट्रोजनचे प्रमाण तीनास एक. अमोनियाचा आंशिक दाब वर आणि खाली नायट्रोजनच्या दाबाचे वर्गमूळ गुणिले हायड्रोजनच्या दाबाचा दीड घात, असे गुणोत्तर काढले तर १० वातावरण दाबाला ०.००६५९ येते आणि ३०० ला ०.००८८४. तापमान तेच, पण ‘स्थिरांक’ चौतीस टक्क्यांनी वाढला. १० वातावरणाचा आकडा खरा धरून ३०० चे गणित मांडले तर समतोलात सुमारे ३१ टक्के अमोनिया मिळायला हवा. प्रत्यक्षात मिळतो जवळपास ३६.

आता खंडन. समतोलाला दाबाशी मुळात देणेघेणे नाही. त्याला हवे असते रासायनिक विभव, म्हणजे रेणू एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची ओढ. स्थिर तापमानाला दाब जरासा वाढवला की शुद्ध वायूचे हे विभव त्याच्या मोलर आकारमानाच्या पटीत वाढते. आदर्श वायूचे आकारमान RT/P असते, म्हणून विभवात दाबाचा लॉगॅरिथम येतो आणि समतोलाच्या सूत्रात दाब जाऊन बसतो. म्हणजे धन्याच्या खुर्चीत बसलेला हा गुमास्ता. खऱ्या वायूचे आकारमान RT/P नसते, तिथे गुमास्त्याची सही चालत नाही. गिल्बर्ट लुईस यांनी १९०१ मध्ये एवढेच केले: ज्या राशीचा लॉगॅरिथम खऱ्या वायूच्या विभवाला तंतोतंत लागू पडतो आणि जी अगदी कमी दाबाला दाबाशी एकरूप होते, तिला नाव दिले.

राहिला ‘उत्तर आधी’ हा आरोप. तो इथे कोसळतो. फ्युगॅसिटी आणि दाब यांचे गुणोत्तर φ शुद्ध वायूसाठी असे काढतात:

ln φ = ∫ (Z − 1) dP/P

शून्य दाबापासून हव्या त्या दाबापर्यंत. Z म्हणजे PV/RT. यात कुठेही अभिक्रिया नाही, उत्प्रेरक नाही, अमोनियाचा उतारा नाही. वायू सिलिंडरमध्ये कोंडा, दाब वाढवा, आकारमान मोजा. झाले. ४५० अंशांना ३०० वातावरण दाबाखाली अमोनियाचा गुणक साधारण ०.९१ येतो, हायड्रोजनचा १.०९, नायट्रोजनचा १.१४. अमोनियाचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून त्याची निसटण्याची ओढ दाबापेक्षा कमी. बाकी दोघांत या तापमानाला रेणूंची स्वतःची जागाच आड येते, म्हणून जास्त. हे तिन्ही आकडे त्याच गुणोत्तरात घातले की ०.७५ मिळतात. ०.००८८४ ला ०.७५ ने गुणा: ०.००६६३. तीच रीत १० वातावरणाला लावली तर ०.००६५१. चौतीस टक्क्यांची तफावत दोनावर आली, आणि तीही अभिक्रियेकडे ढुंकूनही न पाहता काढलेल्या आकड्यांनी. ठिगळ असे बसत नसते.

आक्षेपकाच्या भात्यात अजून एक बाण आहे आणि तो खरा आहे. ६०० वातावरणाला हीच रीत ०.००७४२ देते, १००० ला ०.०१०३. मग फ्युगॅसिटी हरली? नाही, हरली ती वाटेत केलेली काटकसर. आपण प्रत्येक वायूचा गुणक तो एकटाच एकूण दाबाखाली असल्यासारखा धरला. मिश्रणात अमोनियाच्या शेजारी हायड्रोजन आणि नायट्रोजनही असतात, नुसता अमोनिया नव्हे, आणि रेणू दाटीवाटीने आले की शेजारी कोण याने फरक पडतो. गिलेस्पी आणि बीटी यांनी १९३० मध्ये मिश्रणाचेच अवस्थासमीकरण घेऊन गुणक काढले, तेव्हा हा मोठा दाबही आटोक्यात आला. दोनशेच्या आसपासच्या दाबावर काम करणाऱ्याला शुद्ध वायूंचे तक्ते बहुधा पुरतात. तीनशेच्या पुढे जायचे असेल तर मिश्रणाचे आकारमान मोजावे किंवा मिश्रणाचे समीकरण वापरावे, आणि वेगवेगळ्या दाबांना काढलेला स्थिरांक जागेवर राहतो का ते पाहावे. तो सरकू लागला की समजावे, गुणक चुकीच्या शेजाऱ्यांसाठी काढले आहेत.