उपयोजनाच्या नावाखाली पुन्हा पाठांतरच

‘धारणक्षेत्राविषयी डॉ. आंबेडकरांचे विचार सांगून त्यांचे सद्यःस्थितीतील उपयोजन स्पष्ट करा.’ या धाटणीचा प्रश्न बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला की पेपर काढणाऱ्याला वाटते, आपण उपयोजनाच्या पातळीचा प्रश्न विचारला. प्रश्नात ‘उपयोजन’ हा शब्द आहे, म्हणून? गाईडमध्ये याच मथळ्याखाली दीड पानाचे उत्तर छापलेले असते. ज्याच्याकडे गाईड, त्याला मार्क. ज्याची आई दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी घरी येते, त्या घरातल्या पोरीने मूळ विचार कितीही समजून घेतला, तरी तो दाखवायला त्या पेपरात जागाच नाही.

घाटंजीत आम्ही संध्याकाळी काही विद्यार्थ्यांसोबत बसतो. त्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवी घेणारे. ‘आपल्या पोरांना असले प्रश्न झेपत नाहीत, त्यांना सरळ कारणे-उपाय विचारा,’ हा सल्ला आम्हाला आपल्याच शिकलेल्या माणसांकडून मिळाला आहे. म्हणून एकदा प्रश्न आम्हीच तयार करायचा ठरवला.

बाबासाहेबांचा लहान धारणक्षेत्रांवरचा इंग्रजी लेख १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. आख्खा लेख पोरांना देणे शक्य नव्हते. त्याचे सार आम्ही आमच्या शब्दांत चार वाक्यांत उतरवले:

‘शेत किफायतशीर आहे की नाही, हे ते कुटुंबाचे पोट भरते की नाही यावरून ठरवू नये, ते उत्पादनाच्या बाजूने ठरवावे. उत्पादनाला जमीन, श्रम आणि भांडवल तिन्ही लागतात आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण जुळावे लागते. म्हणून तेवढेच एकर एकाला कमी पडतील आणि दुसऱ्याला जास्त होतील. शेतीवर रिकामे राहणारे श्रम दुसऱ्या उद्योगात गेल्याशिवाय नुसते तुकडे जोडून हा प्रश्न सुटत नाही.’

आता यावर प्रश्न काय करायचा? ‘धारणक्षेत्र कशावरून ठरवावे?’ असे विचारले तर उत्तर पहिल्या वाक्याखाली रेघ ओढून मिळते. ते आकलनही नव्हे, ती नक्कल. उपयोजन म्हणजे उताऱ्यात नसलेली परिस्थिती द्यायची आणि उताऱ्यातला नियम तिथे चालवायला लावायचा. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ज्ञान, आकलन, उपयोजन अशा पायऱ्या मांडल्या, त्यातली तिसरी पायरी हीच. परिस्थिती नवी हवी, पण अनोळखी नको. शेअर बाजाराचे उदाहरण दिले की अर्धी पोरे नियमापाशी पोहोचण्याआधीच अडतात आणि मग ‘झेपत नाही’ म्हणायला लोक मोकळे.

आम्ही वावर घेतले. आकडे कल्पित आहेत, हिशेब सोपा राहावा म्हणून ठेवलेले. सखाराम आणि कमलाबाई, दोघांकडे प्रत्येकी ५ एकर कोरडवाहू पराटी. (आडनावे मुद्दाम दिली नाहीत. प्रश्नपत्रिकेतला मालक नेहमी पाटील का असतो?) बैलांचा खर्च सोडून बाकी सगळा खर्च वजा जाता दोघांनाही एकरी १८,००० रुपये उरतात. सखारामची स्वतःची बैलजोडी आहे. ती १० एकर ओढू शकते आणि तिच्यावर वर्षाला ६०,००० रुपये खर्च होतात. कमलाबाई नांगरणीपासून डवरणीपर्यंत भाड्याचे बैल लावते, एकरी ७,००० रुपयांनी.

प्रश्न पहिला: वर्षअखेर कोणाकडे किती उरते, आणि सारख्याच ५ एकरांत हा फरक का? सखारामचे ९०,००० मधून ६०,००० गेले, उरले ३०,०००. कमलाबाईचे ३५,००० गेले, उरले ५५,०००. एवढे गणित सगळ्यांनी केले. परंतु ‘का’ हाच खरा प्रश्न होता. निम्म्या पोरांना आम्ही उतारा दिलाच नव्हता. त्यांतल्या बहुतेकांनी लिहिले की पाच एकर फारच कमी, सरकारने जमीन द्यावी. अरे, मग कमलाबाईचे काय? तिचेही पाचच एकर आहेत ना! उतारा वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी लिहिले की जोडी दहा एकरांची आणि जमीन पाच एकरांची, प्रमाण बिघडले आहे. दोन गटांच्या उत्तरांत असा फरक पडला, तरच उतारा कामाचा ठरतो. उतारा झाकूनही पूर्ण उत्तर येत असेल, तर तो शोभेला ठेवलेला असतो. एका पोराने तर विचारले, ‘पुस्तकातला स्थिर खर्च म्हणजे हाच का, गोठ्यात बसूनही खातो तो?’ हाच, बाबा.

प्रश्न दुसरा आमच्याच अंगावर आला. ‘सखाराम कमलाबाईचे ५ एकर एकरी ८,००० रुपये मक्त्याने मागतो. तिने द्यावे का?’ आमचे तयार उत्तर असे होते: मक्त्याचे ४०,००० मिळणार आणि स्वतः वाहून ५५,००० उरतात. म्हणून बाहेर दुसरीकडे १५,००० पेक्षा जास्त मिळवून देणारे काम असेल तरच ती देईल. म्हणजे तुकडे जोडण्याचा प्रश्न वावराच्या बाहेर, रोजगारापाशी जाऊन पोचतो. उताऱ्यातले शेवटचे वाक्य पोरांनी स्वतः शोधावे, अशी योजना होती.

एका मुलीने लिहिले, ‘सखारामने १२,००० मक्ता द्यावा.’ आम्ही आधी चूक धरली, मग हिशेब केला. कमलाबाईला ६०,००० मिळतात, म्हणजे ५५,००० पेक्षा जास्त. सखारामला बैलांचा जादा खर्च नाही, म्हणून नव्या ५ एकरांतून ९०,००० येतात, ६०,००० मक्ता जातो, तरी ३०,००० वाढतात. दोघांचाही फायदा! चूक तिची नव्हती, प्रश्नाची होती. मक्ता ८,०००च राहील असे आम्ही कुठे म्हटले नव्हते. तिला पूर्ण मार्क दिले आणि प्रश्नात ‘गावात मक्त्याचा दर ८,०००च आहे’ ही ओळ घातली.

गाईडच्या प्रश्नात हे कधी घडेल का? तिथे विद्यार्थी पेपर काढणाऱ्याची चूक दाखवूच शकत नाही, कारण उत्तर आधीच छापलेले असते.

याला मर्यादा आहेत, त्या लपवायच्या नाहीत. असा एक प्रश्न तयार करायला आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. तपासायलाही वेळ लागतो. गठ्ठ्याने उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नमुना उत्तर आणि मार्कांची विभागणी लिहून दिली नाही, तर तो पुन्हा ओळी मोजूनच मार्क देईल. आम्ही विभागणी अशी ठेवली: हिशेबाला २, प्रमाणाचा नियम ओळखण्याला २, तो या दोघांच्या वावराला लावून दाखवण्याला ३. नियम नुसता उतरवून काढला तर त्या ३ मधला एकही मार्क नाही. आणि हाच प्रश्न पुढच्या वर्षी तसाच पुन्हा विचारला तर तोही गाईडमध्ये जाऊन बसेल, मग तो उपयोजनाचा राहणार नाही. आकडे बदलून भागत नाही, परिस्थिती बदलावी लागते: आता २० एकर जमीन आहे पण बैल नाही आणि माणूसही नाही असा शेतकरी घ्यायचा, म्हणजे तोच नियम उलट्या बाजूने चालतो.

त्या मुलीने पेपर परत घेताना विचारले, ‘कमलाबाईने वावर मक्त्याने दिले, साठ हजार आले. पण वर्षभर ती करील काय? घाटंजीत काम कुठे आहे?’ पुढच्या आठवड्याचा प्रश्न तोच ठेवला आहे.