काका, यूटीआर सांगा

पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, की आपल्याकडे माणूस ॲपपेक्षा बँकेवर जास्त विश्वास टाकतो. तो शाखेत जातो आणि मोबाइल काचेपलीकडे सरकवतो. "काका, यूटीआर सांगा," असं पलीकडून येतं. काका चष्मा वर करून पावतीवरचा सगळ्यात लांबलचक, ठसठशीत दिसणारा क्रमांक वाचू लागतात. टी, दोन, पाच, शून्य, सात… पलीकडचा पेन तिथेच थांबतो, कारण त्या क्रमांकावर बँकेला काहीही सापडणार नसतं. मग "ॲपवाल्यांना विचारा" असं उत्तर मिळतं आणि काका रिक्षा पकडून घरी येतात.

चूक काकांची नाही. पावतीवर दोन क्रमांक असतात आणि दोघांचे मालक वेगळे असतात. एक ॲपने स्वतःच्या हिशेबासाठी दिलेला असतो. तो ॲपच्या वहीत असतो, बँकेच्या नसतो. दुसरा बारा आकड्यांचा असतो, त्यात एकही अक्षर नसतं. पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधली एनपीसीआय, तिघांच्या नोंदीत हाच क्रमांक असतो. म्हणून बँकेत तक्रार करायची ती याच क्रमांकावर.

आता गंमत पाहा. या एकाच क्रमांकाला प्रत्येक ॲपने वेगळं नाव दिलंय. फोनपेवर "Transaction ID" म्हणून टी अक्षराने सुरू होणारा जो लांब क्रमांक दिसतो, तो फोनपेचा स्वतःचा. बँकेला हवा तो तिथे "UTR" या नावाने असतो. गूगल पेवर मात्र "UPI transaction ID" असं लिहिलेला हाच तो बारा आकड्यांचा, आणि "Google transaction ID" हा त्यांचा घरचा. पेटीएमवर त्यालाच "UPI Ref No" म्हणतात. म्हणजे एका ॲपवर "ट्रान्झॅक्शन आयडी" वाचला तर चुकतं आणि दुसऱ्या ॲपवर तोच शब्द बरोबर ठरतो. हा गोंधळ ग्राहकाने निस्तरावा ही अपेक्षाच मला पटत नाही. पावतीवर बारा आकडे सगळ्यात वर, एकाच नावाने छापायचे, एवढा नियम करायला कोणाची हरकत असावी?

बँकेच्या बाजूनेही एक अडचण आहे. यूटीआर हा शब्द आधीपासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी वापरात आहे. एनईएफटीचा यूटीआर सोळा, तर आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा असतो आणि त्यांत इंग्रजी अक्षरं असतात. जुन्या वळणाचा कारकून यूटीआर म्हटलं की तसलंच काही शोधतो, समोर नुसते आकडे दिसले की "हा नव्हे" म्हणतो. तिथे न रागावता "यूपीआयचा आहे, बारा आकडी" एवढं सांगायचं.

आता एक उदाहरण नीट उलगडून पाहू, कारण खरी गफलत पुढेच होते.

समजा, मुलगा सांगलीत विश्रामबागला राहून शिकतोय आणि वडील साताऱ्याहून त्याच्या मेसचे पैसे पाठवतात. १४ जुलै २०२५, संध्याकाळचे सात वाजून बारा मिनिटं, रक्कम ६,२०० रुपये. पडद्यावर गोल फिरत राहतो, मग "प्रोसेसिंग" येतं. खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतो, पण मेसवाले म्हणतात, "आलेले नाहीत." महिन्याची मेस बंद पडायला नको म्हणून वडील सात वीसला पुन्हा ६,२०० पाठवतात. या वेळी हिरवी खूण येते, मेसवाल्यांकडेही पोचतात. म्हणजे खात्यातून १२,४०० गेले आणि मेसवाल्यांना ६,२०० मिळाले.

वडील तक्रार करतात आणि सोबत पावती जोडतात. कुठली? साहजिकच शेवटची, चांगली दिसणारी, हिरव्या खुणेची. चार दिवसांनी उत्तर येतं: व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. ते खोटंही नसतं. त्या क्रमांकाचा व्यवहार यशस्वी झालेलाच होता.

इथे दोन व्यवहार आहेत, म्हणून दोन यूटीआर आहेत. पहिला समजा 519561284307 आणि दुसरा 519561290945. दोन्हींचे पहिले चार आकडे सारखे दिसतात, ते योगायोगाने नव्हे. अनेक यूपीआय क्रमांकांत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १४ जुलै हा २०२५ मधला एकशे पंच्याण्णवावा दिवस, म्हणून 5195. सगळीच ॲप्स हे वळण पाळत नाहीत, त्यामुळे तसं दिसलं नाही म्हणून क्रमांक खोटा समजू नये. पण एकाच दिवशीच्या दोन व्यवहारांत फरक कळायचा तर शेवटचे आकडेच पाहावे लागतात, हे यावरून ध्यानात येईल.

मग कुठला क्रमांक अडकला हे कसं ओळखायचं? स्वतःच्या पावत्यांकडे बघत बसण्यापेक्षा मेसवाल्यांना त्यांच्या बँकेचा मेसेज किंवा खातेउताऱ्यातली ओळ पाठवायला सांगा. त्यांच्याकडे जमा झालेल्या ६,२०० समोर जे बारा आकडे आहेत, तो पोचलेला व्यवहार. इथे तो 0945 ने संपणारा निघतो. आता आपला खातेउतारा काढा. यूपीआयच्या प्रत्येक ओळीत, तिरप्या रेघांच्या किंवा आडव्या रेघांच्या मध्ये, बारा आकडे असतात. जो क्रमांक आपल्याकडे नावे पडलाय आणि त्यांच्याकडे जमा दिसत नाही, तो 4307. तक्रार फक्त त्याच्यावर. दुसऱ्या पावतीचा उल्लेखही अर्जात करू नये, उगाच तपास त्या दिशेला जातो.

ॲपमधून तक्रार करायची तर इतिहासात जाऊन सात बाराचा तोच व्यवहार उघडायचा आणि त्याच पानावरून मदतीचं बटण दाबायचं. मग क्रमांक आपोआप जोडला जातो, टाइप करताना चुकायची भीती नाही. तक्रार नोंदली की ॲप एक तक्रार क्रमांक देतं. तो जपून ठेवायचा, पण तो यूटीआर नव्हे. पुढे बँकेत गेल्यावर पुष्कळ लोक हाच तिसरा क्रमांक पुढे करतात आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर येते.

बँकेत लेखी अर्ज द्यायचा तर तारीख, वेळ, रक्कम, बारा आकडी यूटीआर, ज्याला पैसे पाठवले त्याचा यूपीआय आयडी आणि आपल्या खात्याचे शेवटचे चार आकडे, एवढं पुरतं. यूटीआर हाताने लिहिताना चार-चार आकड्यांचे तीन गट करावेत. सातारा-सांगलीत हे जरा अधिकच महत्त्वाचं आहे, कारण इथे पुष्कळांची खाती सहकारी बँकांत आहेत, आणि लहान सहकारी बँका बऱ्याचदा एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने यूपीआयमध्ये आलेल्या असतात. आपला अर्ज शाखेतून मुख्य कार्यालयात, तिथून त्या मोठ्या बँकेकडे जातो. इतका प्रवास करताना स्क्रीनशॉट धूसर होतो, अर्जदाराचं नाव बदलतं, बारा आकडे तेवढे तसेच राहतात. एक आकडा चुकला तर मात्र सगळाच प्रवास वाया जातो.

मुदतीचं गणितही याच व्यवहाराच्या तारखेवरून चालतं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. आपल्या उदाहरणात पैसे १५ जुलैपर्यंत परत यायला हवे होते. ते १८ जुलैला आले, तर तीन दिवसांचे ३०० रुपये व्हायला हवेत. दुकानदाराला किंवा एसटीच्या वाहकाच्या मशीनवरच्या क्यूआरवर पैसे दिले आणि तिकडे खात्री पोचली नाही, तर मुदत पाच दिवसांची. मेसवाल्यांचा क्यूआर व्यापारी खात्याचा असेल तर त्यांनाही हीच पाच दिवसांची मुदत लागू होईल. परत आलेले पैसे ओळखायला पुन्हा तेच बारा आकडे बघायचे. परतीच्या जमा नोंदीत बहुधा तोच क्रमांक असतो, नाहीतर कुणीतरी दुसऱ्याने पाठवलेले ६,२०० आपण परतावा समजून बसतो.

वीजबिलाची गोष्ट थोडी निराळी. महावितरणचा ग्राहक क्रमांकही बारा आकडीच असतो, त्यामुळे बिल भरल्याच्या पावतीवरून लोक भलताच क्रमांक उतरवून देतात. शिवाय ॲपमधून भरलेलं बिल भारत बिलपेच्या वाटेने जातं आणि त्याला अक्षरं-आकडे मिसळलेला आणखी एक क्रमांक मिळतो, पावतीवर "B-Connect" असं लिहिलेला. खात्यातून पैसे कापले का, हा प्रश्न असेल तर यूटीआर. पैसे कापलेत पण बिल भरल्याची नोंद नाही, तर बी-कनेक्टचा क्रमांक आणि ग्राहक क्रमांक दोन्ही द्यायचे. माझ्या मते वीज कार्यालयात हेलपाटे होतात त्यातले निम्मे तरी या अदलाबदलीनेच.

फसवणूक झाली असेल तर मुदतीचं हे गणित लागू नाही. चुकीच्या माणसाला आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे बँक त्याच्या संमतीशिवाय ओढून आणू शकत नाही, तिथे १०० रुपयांचा नियम चालत नाही. फसवणुकीत १९३० वर फोन लावायचा, आणि लावण्याआधी बारा आकडे कागदावर लिहून घ्यायचे. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवायचे असतात आणि फोनवरचा माणूस तोच क्रमांक विचारतो. फोन चालू असताना ॲप उघडून पावती शोधण्यात मिनिटं जातात. हा क्रमांक सांगण्यात धोका नाही, त्यावर कोणी पैसे काढू शकत नाही. पण स्क्रीनशॉट समाजमाध्यमावर टाकून कंपनीला जाब विचारला, की तासाभरात "कस्टमर केअर"चे बनावट फोन येतात, आणि पावतीवरची सगळी माहिती त्यांच्याकडे असल्यामुळे ते खरे वाटतात.

ॲपने दाद दिली नाही तर बँक, बँकेने दिली नाही तर एनपीसीआयच्या संकेतस्थळावरचा तक्रार अर्ज, हा क्रम आहे. बँकेकडे तक्रार करून तीस दिवस उलटले किंवा उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. तिथे मात्र दोन्ही क्रमांक लागतात: पैशाचा यूटीआर, आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक तारखेसह. म्हणून शाखेत अर्ज देताना प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घ्यायचा. "कशाला, मी बघतो ना" असं साहेबांनी कितीही आपुलकीने म्हटलं तरी.