ळ हा ह नंतर येतो, हे यंत्राला कोण सांगणार?

पाच आडनावं घ्या: मुजावर, मुलाणी, मुल्ला, मुसळे, मुळे. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, क्रम हाच सांगेल. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे मुळे शेवटी. आता हीच नावं डेटाबेसमध्ये टाका आणि काहीही न बदलता क्रमाने मागवा. मुळे उडी मारून मुसळेच्या आधी येतात.

याचं कारण साधं आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे, आणि ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढचा आहे. डेटाबेस क्रमांक बघून रांग लावतो. काही डेटाबेस क्रमांकांऐवजी आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण क्रम वापरतात, पण तो हिंदी, नेपाळी, मराठी अशा सगळ्यांसाठी एकच असल्यामुळे तिथेही ळ हा ल च्याच शेजारी बसतो. क्ष आणि ज्ञ चंही तसंच होतं. आपण त्यांना शेवटी ठेवतो, यंत्र त्यांना क आणि ज मध्ये ढकलतं.

आपल्या नावांच्या बाबतीत घोटाळा आणखी एक पायरी पुढे जातो. प्रमाण मराठीत नुक्ता नाही. पण हिंदी कीबोर्डवरून किंवा उर्दूच्या सवयीने भरलेल्या अर्जात ज़ुबेदा, फ़ातिमा, ख़ालिद अशी नावं येतात. नुक्त्याचा ज़ दोन प्रकारे साठवला जातो: कधी U+095B हे एकच अक्षर म्हणून, कधी ज आणि वेगळा नुक्ता म्हणून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. क्रमांकाने रांग लावली की पहिल्या प्रकारची ज़ुबेदा थेट ह च्याही पुढे, हमीदा आणि हुसेन यांच्या मागे जाते. दुसऱ्या प्रकारची जमीला आणि जाफर यांच्या मधे घुसते. तिची खरी जागा जाफरनंतर.

शिष्यवृत्तीची अशी एक यादी मी भिंतीवर लावलेली पाहिली आहे. एक मुलगी ज चं पान दोनदा वाचून परत निघाली होती. तिचं नाव शेवटच्या पानावर, ह च्याही खाली होतं. कागदपत्रं आणून द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

"यादीत शोधायचं कशाला, सर्च करा ना," असं माझ्याच धंद्यातले लोक म्हणतात. भिंतीवरच्या कागदाला सर्च नसतो. आणि स्क्रीनवर केला तरी एका प्रकारे टाइप केलेली ज़ुबेदा दुसऱ्या प्रकारे साठवलेल्या ज़ुबेदाला सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत.

दुसरं उत्तर असतं, "युनिकोडच तसा आहे." हे खोटं आहे. अक्षराचा क्रमांक म्हणजे वर्णक्रम नव्हे, हे युनिकोडचेच लोक सांगतात. म्हणून तर त्यांनी भाषेगणिक वेगळे क्रमनियम ठेवले आहेत आणि त्यांत मराठीचा आहे: ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ. पोस्टग्रेसमध्ये हे नियम 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून वापरता येतात. काम एवढंच:

```sql
SELECT naav FROM yadi
ORDER BY naav COLLATE "mr-x-icu";
```

नाव साठवतानाच ते एका रूपात आणायचं, म्हणजे दोन ज़ चा प्रश्नही मिटतो. तेराव्या आवृत्तीपासून त्यासाठी तयार फंक्शन आहे:

```sql
UPDATE yadi SET naav = normalize(naav, NFC);
```

मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत मराठीचा स्वतंत्र क्रम नाही. तिथे रांग डेटाबेसबाहेर, प्रोग्राममध्ये लावावी लागते. तेही अर्ध्या दिवसाचं काम आहे. जुबेदा आणि झुबेदा ही दोन स्पेलिंगं मात्र यातल्या कशानेही एक होणार नाहीत. तिथे अर्जावरचं नाव जसंच्या तसं ठेवावं आणि शोधताना दोन्ही तपासावीत.

म्हणजे अडचण तंत्राची नाही. स्वीडिश आणि स्पॅनिश याद्यांना त्यांच्या भाषेचा क्रम मिळतो, कारण कुणीतरी तो मागितला. मराठी यादीच्या टेंडरमध्ये "मराठी वर्णक्रमाने" हे दोन शब्द कुणी लिहीत नाही, आणि यादी हातात घेताना ती कुणी तपासत नाही.

तुमच्यातले अनेक जण आज कोड लिहितात, जमातीच्या, मदरशाच्या, शाळेच्या याद्या करतात. यादी स्वीकारण्याआधी तिच्यात वरची पाच आडनावं आणि दोन्ही प्रकारच्या ज़ुबेदा टाकून पाहा. मुळे मुसळेच्या आधी आले किंवा ज़ुबेदा हुसेनच्या खाली गेली, तर यादी परत पाठवा.